भाषांतराआधी कार्डावरचं काय झाकायचं आणि काय उघडं ठेवायचं

ऊसतोडीचा हंगाम संपत आला की मार्च-एप्रिलमध्ये पाचोडच्या बसथांब्यावर बिऱ्हाडं उतरायला लागतात. पैठण, अंबड, गेवराई या भागातल्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास कर्नाटकात जातात आणि पाच महिन्यांनी परत येतात. त्यांच्यातल्या गरोदर बायकांकडे बऱ्याचदा तिकडच्या आरोग्य केंद्राचं कार्ड असतं. कर्नाटकात त्याला तायी कार्ड म्हणतात. तायी म्हणजे आई. आपल्याकडच्या माता व बाल संरक्षण कार्डासारखंच ते असतं, पण छापील मजकूर कन्नडमध्ये. तो ना त्या बाईला वाचता येतो, ना तिच्या नवऱ्याला, ना मला.

मागे अशीच एक बाई नवऱ्याबरोबर तपासणीला आली. (गाव, वय, तारखा मी बदलल्या आहेत.) कार्ड घरीच राहिलं होतं. नवरा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, काळजी करू नका, फोटो आहे माझ्याकडं." मोबाइल पुढे केला तर कार्डाचा फोटो टोळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता. खाली त्याने लिहिलं होतं, कुणाला कानडी येतं का, एवढं वाचून सांगा. ग्रुपमध्ये दीडशेच्या वर माणसं. पहिलं पान पूर्ण दिसत होतं. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, पत्ता, मोबाइल, आधार क्रमांक, बँकेचं नाव, खाते क्रमांक, आयएफएससी कोड आणि शेजारच्या पानावर रक्ताच्या तपासण्यांचे निकाल.

आठवड्याभराने त्याला एक फोन आला होता. "तुमच्या बायकोचे मातृवंदना योजनेचे पैसे अडकलेत, अमुक बँकेतलं खाते आहे ना, शेवटचे आकडे हे ना, आता एक ओटीपी येईल तो सांगा." नशिबाने त्या वेळी फोनची बॅटरी संपली. तो फोन त्या फोटोमुळेच आला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण बोलणाऱ्याला जे जे माहीत होतं ते सगळं त्या एका पानावर होतं. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये खात्यात येतात. पैसे खरोखर येणार असतात, म्हणून तर असा फोन खरा वाटतो.

हा प्रसंग आमच्या एका डॉक्टर मित्राला सांगितला तर तो म्हणाला, "गरिबाचं कोण काय चोरणार?" दुसरी एक मैत्रीण म्हणाली, "सगळंच झाकायला सांग, कशाला भानगड." मला दोघांचंही पटत नाही. पहिल्याचं का पटत नाही ते वर आलंच आहे. दुसरीचं का पटत नाही ते पुढे येईल, कारण याच नवऱ्याने नंतर "सगळंच झाकून" दाखवलं आणि त्यातून वेगळाच घोळ झाला.

माझं म्हणणं असं आहे. भाषांतर तुम्हाला कशाचं हवं असतं? जे कळत नाही त्याचं. तुमचं नाव, पत्ता, आधार क्रमांक, खाते क्रमांक तुम्हाला आधीच ठाऊक आहेत. त्यांचं भाषांतर करून तुम्हाला नवीन काहीच कळणार नाही. म्हणून तो भाग भाषांतर करणाऱ्यासमोर जाऊच नये, मग तो ग्रुपमधला ओळखीचा माणूस असो, झेरॉक्सच्या दुकानातला मुलगा असो की मोबाइलमधलं ॲप असो. शक्य असेल तर झाकण्याच्याही आधी हे बघा की त्या पानाचा फोटो काढायची गरज आहे का. बहुतेक कार्डांवर ओळखीचा मजकूर पहिल्या पानावर किंवा पानाच्या वरच्या भागात असतो आणि तपासण्यांचे तक्ते पुढे असतात. तक्त्यांचाच फोटो काढला तर अर्धं काम तिथेच झालं.

पण कार्डं इतकी सरळ छापलेली नसतात. पुढच्या पानांवरही डोक्यावर नाव आणि नोंदणी क्रमांक असतो, कोपऱ्यात कुणीतरी पेनाने मोबाइल नंबर लिहिलेला असतो. म्हणून काय झाकायचं ते नीट पाहू.

अर्धवट झाकलेला आकडा

आधार क्रमांक १२ आकडी असतो. बरेच लोक मधले दोन-तीन आकडे अंगठ्याने झाकतात आणि समाधान मानतात. त्याचा उपयोग फार कमी आहे. दोन आकडे झाकले तर शक्यता उरतात शंभर. त्यातच आधारचा शेवटचा आकडा हा पडताळणीचा आकडा असतो, म्हणजे आधीच्या अकरा आकड्यांवरून गणिताने काढलेला. ते गणित लावलं की शंभरातल्या दहाच शक्यता उरतात. आधारच्या संकेतस्थळावरून मिळणाऱ्या मास्क्ड आधारमध्ये पहिले आठ आकडे झाकून शेवटचे चार ठेवलेले असतात. कुठे ओळख दाखवायची असेल तेव्हा ते ठीक आहे. भाषांतराला मात्र तुमची ओळख दाखवायचीच नसते, तेव्हा बाराच्या बारा झाका.

खाते क्रमांकाचंही तेच. "शेवटचे चार ठेवले, बँकेच्या मेसेजमध्ये तसंच तर येतं," असं लोक म्हणतात. नेमकं म्हणूनच ते ठेवू नयेत. फोनवरचा माणूस तुमच्याच खात्याचे शेवटचे चार आकडे सांगतो तेव्हा तो बँकेतलाच आहे असं वाटतं. त्याला खातं फोडायचं नसतं, तुमचा विश्वास मिळवायचा असतो. बँकेचं नाव आणि आयएफएससी कोड याच कारणाने झाकायचे. शिवाय आपल्याकडे अंगठा लावून पैसे काढायची सोय गावोगावी आहे. तिला आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढंच लागतं, ओटीपी लागत नाही. ठसा चोरून पैसे काढल्याचे प्रकार देशात घडलेले आहेत. म्हणून आधार आणि बँक या दोन गोष्टी एका फोटोत तर कधीच जाऊ देऊ नका.

चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड लोक हमखास विसरतात. आधार कार्डावरच्या कोडमध्ये नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो भरलेला असतो. जुन्या कार्डांच्या कोडमध्ये तर पूर्ण क्रमांकही असायचा. आकडा झाकला आणि कोड उघडा ठेवला तर दाराला कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवल्यासारखं आहे. लॅबच्या रिपोर्टवरचा कोड मोबाइलने वाचला की कधीकधी पूर्ण रिपोर्टच उघडतो, नावासकट. बारकोड आणि क्यूआर कोड दिसला की झाका. त्यात भाषांतर करण्यासारखं तसंही काही नसतं.

तायी कार्डाचा क्रमांक, आपल्याकडचा आरसीएच क्रमांक, आभा क्रमांक, दवाखान्याचा नोंदणी क्रमांक, हे सगळे फोटोत झाका, पण मूळ कार्डावर त्यांना धक्का लावू नका. इथल्या आशाताईंना किंवा नर्सबाईंना तुमची तिकडची नोंद शोधायची तर हेच क्रमांक लागतात. एका घरात मी पाहिलंय, काळजीपोटी कार्डावरच स्केचपेन फिरवलेलं. तसं करू नका.

गाव लहान असेल तर

पत्त्याबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. नाव झाकलं, घर नंबर झाकला, आता नुसतं गाव राहिलं तर काय बिघडलं? शहरात फारसं बिघडत नाही. पण चाळीस उंबऱ्यांच्या वस्तीत चोवीस वर्षांची, दुसऱ्या खेपेची, सातवा महिना चालू असलेली बाई एकच असते. वस्तीचं नाव उघडं राहिलं तर नाव झाकून काहीच साधलं नाही.

ही फक्त खेड्यातली गोष्ट नाही. अमेरिकेत लटान्या स्वीनी या संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं होतं की नाव काढून टाकलेल्या दवाखान्याच्या नोंदींमधूनही जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड या तीन गोष्टींवरून माणूस ओळखता येतो. त्यांनी मॅसॅच्युसेट्स राज्याच्या गव्हर्नरांचीच नोंद तशी शोधून काढली. तिथे पिनकोडमध्ये हजारो माणसं असतात. आपल्या वस्तीत किती असतात ते तुम्हीच मोजा.

म्हणून गाव, उपकेंद्र, अंगणवाडी यांची नावं झाका. त्या ओळींत आशाताईंचं नाव आणि त्यांचा मोबाइल नंबरही असतो. तो आपला नसतो, त्यामुळे तो झाकायचं आपल्या लक्षातच येत नाही. पण एकदा तो ग्रुपमध्ये फिरला की रात्री-अपरात्री फोन त्यांना जातात.

आता उलटी चूक

त्या नवऱ्याला मी हे सगळं समजावलं आणि म्हणालो, आता नीट झाकून तपासणीच्या पानांचा फोटो काढ, ॲपमधून मराठी कर आणि घेऊन ये. दुसऱ्या दिवशी तो खूश होऊन आला. फोटोत नाव नाही, नंबर नाही. पण तारीखही एकही नाही. "तारखा पण खाजगीच असतात ना," तो म्हणाला. शेवटच्या पाळीची तारीख त्याने जन्मतारीख समजून झाकली होती. नावाच्या ओळीवर ठेवलेली पट्टी थोडी खाली सरकून तिने रक्तगटाचा रकानाही गिळला होता.

आता यात काय बिघडतं ते सांगतो. शेवटच्या पाळीच्या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवले की प्रसूतीची अंदाजे तारीख निघते. त्या बाईची पाळीची तारीख समजा १२ ऑगस्ट, तर अंदाजे तारीख १९ मे. ती माझ्याकडे २० मार्चला आली, म्हणजे ३१ आठवडे पूर्ण झाले होते. ही तारीख नसेल तर मला सोनोग्राफीवर विसंबावं लागतं, आणि पहिल्या तीन महिन्यांत केलेली सोनोग्राफी नसेल तर शेवटच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीने वय काढताना दोन-तीन आठवड्यांचा फरक सहज पडतो. बाळ लहान आहे की अजून दिवसच भरायचे आहेत, हे मग ठरवता येत नाही.

रक्तगटाचं तर त्याहून गंभीर. मूळ कार्ड मागवून पाहिलं तेव्हा ती बी निगेटिव्ह होती, आणि नवरा पॉझिटिव्ह. अशा बाईला २८ व्या आठवड्याच्या सुमारास ॲन्टी-डीचं इंजेक्शन देतात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत पुन्हा देतात. ते चुकलं तर पुढच्या खेपेच्या बाळाच्या रक्तपेशी आईच्याच शरीरातल्या प्रतिपिंडांमुळे फुटू शकतात. पहिली वेळ आधीच टळून गेली होती. उशिरा का होईना, आवश्यक ती रक्ततपासणी करून आम्ही इंजेक्शन दिलं. ती पट्टी तशीच राहिली असती आणि मी मूळ कार्डाचा हट्ट धरला नसता तर तेही राहिलं असतं. (रक्तगट मी कार्डावरून गृहीत धरत नाही, पुन्हा तपासतोच. पण निगेटिव्ह दिसलं की घाई करतो, हा फरक आहे.)

तेव्हा हे उघडं राहिलंच पाहिजे: वय, शेवटच्या पाळीची आणि तपासण्यांच्या तारखा, कितवी खेप, आधीची प्रसूती कशी झाली, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीतली साखर आणि प्रथिनं, रक्तगट त्याच्या अधिक-उणे खुणेसकट, धनुर्वाताच्या लशीच्या तारखा, दिलेली औषधं आणि ॲलर्जी. जन्मतारीख मात्र झाका, वय पुरतं. एक सोपी कसोटी अशी की ती गोष्ट बदलली तर उपचार बदलेल का? पत्ता बदलला तर गोळी तीच राहते. हिमोग्लोबिन साडेदहाऐवजी साडेसहा असेल तर बाईला गोळ्यांवर घरी पाठवता येत नाही.

एका ओळीबद्दल माझं मत जरा कडक आहे. गरोदरपणात एचआयव्ही, गुप्तरोग आणि कावीळ-ब यांच्या तपासण्या होतात आणि निकाल कार्डावर असतो. उपचारासाठी तो अत्यंत महत्त्वाचा आहे, पण भाषांतराच्या फोटोत तो नको. बहुतेकदा तो इंग्रजी अक्षरांतच लिहिलेला असतो, म्हणजे मला तो मूळ कार्डावरून थेट वाचता येतो. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्याने गुप्ततेचं संरक्षण दिलेलं आहे. निकाल चांगला असला तरी झाका, कारण फक्त वाईट निकाल असलेल्यांनीच झाकला तर झाकलेली ओळ हाच निकाल ठरतो.

झाकायचं कसं

मोबाइलमधल्या पेनाने रेघोट्या मारण्यापेक्षा कागदाच्या पट्ट्या बऱ्या. लग्नपत्रिकेसारखा जाड कागद घ्या, पातळ कागदातून खालची शाई दिसते. बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून ओळीवर ठेवा, सरकू नयेत म्हणून टोकाला नाणं ठेवा आणि मग फोटो काढा. कार्डाचं प्लॅस्टिकचं वेष्टण काढून ठेवा, नाहीतर चकाकीत आकडे जातात. फोटोच्या कडेला रेशनकार्ड किंवा पासबुक पडलेलं नाही ना तेही बघा.

फोटो आधीच काढलेला असेल तर मोबाइलमध्ये पूर्ण काळा, भरलेला चौकोन टाका. मार्करचा ब्रश अर्धपारदर्शक असतो. फोटोचा उजेड वाढवला की खालचे आकडे वर येतात. धूसर करणंही भरवशाचं नाही. नुसतं कापण्यावरही थांबू नका. २०२३ मध्ये पिक्सेल फोनमधला एक दोष उघड झाला होता, त्यात कापून टाकलेला भाग फाइलमध्येच शिल्लक राहायचा आणि परत काढता यायचा. तो दुरुस्त झाला, पण झाकून-कापून झालेल्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून तोच पुढे वापरायची सवय चांगली. मग तो बोटांनी मोठा करून एकदा प्रत्येक कोपरा पाहा.

भाषांतराच्या काही ॲपमध्ये भाषा आधी उतरवून ठेवता येतात. तसं असेल तर फोन विमान मोडवर टाका आणि भाषांतर होतंय का पाहा. होत असेल तर तुमचा फोटो फोनबाहेर जात नाहीये. होत नसेल तर तो कुठल्यातरी दूरच्या संगणकावर जातो, हे धरून चाला.

भाषांतर हाती आल्यावर त्यातले आकडे वापरू नका. आकडे मूळ कार्डावरूनच घ्या. छापील शीर्षकं ॲपला बऱ्यापैकी जमतात, हाताने लिहिलेलं नाही. ८.४ मधला बिंदू नाहीसा होतो, बी निगेटिव्हची उणे खूण पेनाचा डाग समजून सोडली जाते. भाषांतराने एवढंच सांगावं की हा रकाना हिमोग्लोबिनचा आहे आणि तो रक्तदाबाचा. डॉक्टरकडे येताना झाकलेला फोटो, भाषांतर आणि मूळ कार्ड, तिन्ही आणा.

खरं तर हे ओझं तुमच्यावर पडायलाच नको. ओळखीचा मजकूर एका वेगळ्या पानावर आणि तपासण्या दुसऱ्या पानावर छापल्या, तक्त्यांची शीर्षकं राज्यभाषेबरोबर इंग्रजीतही दिली, तर ऊसतोडीच्या बाईचं कार्ड कुठल्याही राज्यातला डॉक्टर फोटोशिवाय वाचू शकेल. दरवर्षी लाखो माणसं हंगामापुरती स्थलांतर करतात हे कार्ड छापणाऱ्यांना माहीत नाही असं नाही.

आणि ज्यांचा फोटो आधीच गेलाय त्यांच्यासाठी. व्हॉट्सॲपवर पाठवल्यापासून साधारण अडीच दिवसांच्या आत सर्वांसाठी तो पुसता येतो. त्यानंतर ग्रुपच्या ॲडमिनला पुसायला सांगा. कुणी आधीच उतरवून घेतला असेल तर तो परत येत नाही, म्हणून आधारच्या ॲपमधून बोटांचे ठसे लॉक करून टाका. अंगठा लावून पैसे काढायचे असतील तेव्हा तात्पुरते उघडता येतात. पैसे गेलेच तर त्याच दिवशी १९३० ला फोन करा आणि बँकेत कळवा. त्या नवऱ्याने ठसे लॉक केले. मुकादमाच्या वहीत लावलेली दोघांच्या आधारची झेरॉक्स मात्र अजून तिथेच आहे, आणि ती परत मागायची त्याची हिंमत होत नाही.